स्क्रीनवर ११४० हिरवे, कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये १०३५ लाल: निफ्टी ऑप्शनमधलं स्काल्पिंग

हिरवी_मेणबत्ती | १२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, डोकं गरगरतंय म्हणून धागा काढतोय.

दोन महिने झाले, निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनमध्ये स्काल्पिंग करतोय. एकच लॉट, म्हणजे ७५. प्रीमियम ११५ ते १२५ च्या आसपासचा स्ट्राइक घ्यायचा, पॉइंट-दीड पॉइंट मिळाला की बाहेर. फसलं तरी तेवढ्यातच बाहेर. सौदा वीस सेकंद ते दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही.

आज ३४ वेळा घेतलं आणि ३४ वेळा विकलं. साडेतीनला ॲपवर अधिक ११४०. बायकोला म्हटलं, आज पिझ्झा. संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट आली, ती अशी:

ब्रोकरेज १३६०
एसटीटी ३०७
एक्स्चेंजचं शुल्क २१४.७८
जीएसटी २८३.५७
मुद्रांक ९.१८
सेबी ०.६१
एकूण २१७५.१४

म्हणजे ११४० कमावून मी १०३५ रुपयांनी खड्ड्यात. पिझ्झा आधीच येऊन गेला होता.

माझा ब्रोकर ऑर्डरमागे २० रुपये घेतो, ते माहीत होतं. बाकीचं एवढं होईल असं वाटलं नव्हतं. प्रश्न असा की मी ब्रोकर बदलू, लॉट वाढवू, की हा धंदाच एका लॉटवाल्याचा नाही?

---

खमंग_थालीपीठ | ९:५२

वाचतेय. पिझ्झ्याचे पैसे कोणत्या खात्यात धरलेत?

---

सांगलीची_हळद | १०:०५

मीही स्काल्पिंग करतो. सकाळी एखादा बँकेचा शेअर घ्यायचा, दुपारी दोनपर्यंत एक टक्का मिळाला की विकायचा. दिवसाला एक नाहीतर दोन सौदे. खर्च मला तरी फारसा जाणवत नाही. तुमचं काहीतरी चुकतंय.

---

हिरवी_मेणबत्ती | १०:११

दादा, ते साधं इंट्राडे झालं. तुम्ही एक टक्क्यासाठी चार तास थांबता, मी पाऊण टक्क्यासाठी वीस सेकंद.

---

लिमिटवाला | १०:३०

सोपं आहे राव. लॉट वाढव. ब्रोकरेज ऑर्डरवर आहे, लॉटवर नाही. १० लॉट घेतलेस तरी २० अधिक २०. तुझ्या १३६० रुपयांत दहापट माल फिरला असता.

आणि दुसरं, मार्केट ऑर्डर मारणं बंद कर. खरेदीच्या भावात लिमिट लावून बसायचं, विक्रीच्या भावात लिमिट लावून निघायचं. मग स्प्रेड द्यायचा नाही, उलट मिळतो. मी वर्षभर हेच करतोय.

---

फोर्टचा_जॉबर | ११:१५

मेणबत्ती, तुमची नोट पाहिली. आकडे बरोबर आहेत, ब्रोकरने काही लाटलेलं नाही. फक्त तुम्ही तीन टोलनाक्यांपैकी शेवटचाच पाहताय. आधीचे दोन त्या ११४० मध्येच कापले गेलेत, म्हणून ते कुठल्याच कागदावर दिसत नाहीत.

जरा पाठीमागून सांगतो. मी फोर्टातल्या एका ऑफिसात जॉबिंग करायचो. एका खोलीत पंधरा टर्मिनल, एफ१ दाबलं की खरेदी, एफ२ दाबलं की विक्री, दिवसाला तीनशे सौदे. ब्रोकर आमच्याकडून ब्रोकरेज घेत नसे, नफ्यात वाटा घेई. आमचा पगार म्हणजे स्प्रेड. गुजराती पोरं त्याला गाळो म्हणायची. गाळो पाच पैशांचा असला तरी चालायचं, कारण सौद्यामागचा खर्च त्याहून कमी होता. १ ऑक्टोबर २००४ ला एसटीटी लागू झाला आणि खोलीतली निम्मी टर्मिनलं बंद पडली. कुणाची अक्कल एका रात्रीत कमी झाली नव्हती. खर्च गाळ्याच्या वर गेला, एवढंच.

तुमचंही तेच आहे. एका सौद्याचा हिशेब मांडू. १२० ला घेतलं, १२१ ला दिलं, ७५ नग. ढोबळ ७५ रुपये.

ब्रोकरेज दोन्हीकडचं ४०. विक्रीच्या ९०७५ वर ०.१ टक्का एसटीटी, ९ रुपये. दोन्हीकडच्या १८,०७५ वर एक्स्चेंजचं शुल्क लाखाला ३५.०३ च्या दराने, ६ रुपये ३३ पैसे. ब्रोकरेज आणि शुल्कावर १८ टक्के जीएसटी, ८ रुपये ३४ पैसे. मुद्रांक आणि सेबी मिळून तीस पैशांच्या आत. बेरीज ६४.

७५ मधले ६४ गेले. म्हणजे तुमचा सौदा शून्यावर यायलाच ०.८५ पॉइंट लागतो. आणि आज तुमची सरासरी कमाई किती? ११४० भागिले ३४ सौदे भागिले ७५ नग, ०.४५ पॉइंट. ०.८५ चा टोल भरून ०.४५ चा माल नेताय.

स्प्रेड आणि वेग यावर उद्या लिहितो, डोळे मिटताहेत.

---

सांगलीची_हळद | ११:२०

बापरे. माझा ब्रोकर जुना आहे, वडिलांच्या वेळचा. तो ऑप्शनला लॉटमागे ५० घेतो म्हणे. मी अजून ऑप्शन केलं नाही, पण करायचं मनात होतं.

---

फोर्टचा_जॉबर | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

हळद, लॉटमागे ५० म्हणजे येऊन-जाऊन १००, जीएसटीसकट ११८. पंच्याहत्तरने भागा, दीड पॉइंटाच्या वर. बाकीचे कर धरले की १.८ पॉइंट. त्या खात्यात एक पॉइंटाचं स्काल्पिंग म्हणजे दर सौद्याला स्वतःच्या खिशातून दान. आणि लॉट वाढवून सुटकाही नाही, कारण दर लॉटमागे आहे. तुमचं एक टक्का, चार तास चालू द्या.

---

गणिताच्या_बाई | ८:४०

जॉबरसाहेबांच्या हिशेबात लिमिटवाल्यांचा मुद्दा घालून पाहिला. १० लॉट म्हणजे ७५० नग. ब्रोकरेज तेच ४०, पण एसटीटी, शुल्क वगैरे दहापट. एकूण २१५ रुपये ५८ पैसे. नगामागे ०.२९ पॉइंट. म्हणजे मेणबत्तींची ०.४५ ची सरासरी तशीच राहिली असती तर सौद्याला ०.१६ पॉइंट उरले असते. ७५० नगांवर १२० रुपये. ३४ सौद्यांचे चार हजार.

कागदावर लिमिटवाले बरोबर आहेत, हे कबूल करायला हवं.

पण तुमची ०.४५ ची सरासरी खरी आहे का? मेणबत्ती, एका सौद्यात साधारण किती वर-खाली होता?

---

हिरवी_मेणबत्ती | ९:०२

बाई, बहुतेक एक-दीड पॉइंट मिळतो. पण पाच-सात सौदे असे असतात की सात-आठ पॉइंट जातात. कधी दहा मिळतातही. एक्सेलमध्ये टाकलं, प्रमाण विचलन ३.९ आलं.

(बाजार उघडतोय, आज नुसता बघणार.)

---

गणिताच्या_बाई | ९:३०

चार धरू. ३४ चं वर्गमूळ ५.८. चार भागिले ५.८, म्हणजे सरासरीतच सुमारे ०.७ ची डळमळ. तुमची ०.४५ ची सरासरी या डळमळीच्या आतच आहे. काल डोळे झाकून बटणं दाबली असती तरी एवढी सरासरी सहज आली असती किंवा तेवढीच उणे गेली असती.

डळमळ ०.२ वर आणायची तर ४०० सौदे लागतात. ४०० सौद्यांनंतरही सरासरी ०.४५ असेल तर मी म्हणेन, काहीतरी आहे. त्याआधी १० लॉट लावणं म्हणजे शंकेला दहाने गुणणं.

---

लिमिटवाला | ९:४४

बाई, ४०० सौदे एका लॉटने करायचे म्हणजे ४०० गुणिले ६४, पंचवीस हजार सहाशे रुपये फक्त खर्च. शिकण्याची फी जरा जास्तच होते.

---

गणिताच्या_बाई | ९:५१

खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

न्यूजर्सीचा_नाना | संध्याकाळी ६:२०

इकडचं सांगतो. मी शिकागोच्या एक्स्चेंजवर ई-मिनी एस अँड पी करतो. तिथे भाव पाव पॉइंटाने हलतो, एक टिक म्हणजे साडेबारा डॉलर. येऊन-जाऊन खर्च मला चार-पाच डॉलर पडतो. म्हणजे एक टिक मिळाला तरी निम्म्याहून जास्त खिशात. एसटीटीसारखा सौद्याच्या रकमेवरचा कर नाही. पण छोट्या मायक्रो कराराचा टिक सव्वा डॉलर, आणि त्यावरचा खर्च जवळपास तेवढाच. तिथे एका टिकचं स्काल्पिंग तुमच्यासारखंच वांझोटं.

तुम्ही लोक फ्युचर का नाही करत? निफ्टी फ्युचरमध्ये स्प्रेडही बरा असेल.

---

फोर्टचा_जॉबर | रात्री ८:३०

नाना, फ्युचरचा हिशेब बघाच. निफ्टी २६,००० धरा, गुणिले ७५, साडेएकोणीस लाखांचा करार. विक्रीवर ०.०२ टक्का एसटीटी, म्हणजे ३९० रुपये एका फटक्यात. बाकी सगळं धरून ५६०. साडेसात पॉइंट निफ्टी हलला की तुम्ही शून्यावर. ऑप्शनमध्ये कर प्रीमियमवर बसतो, पूर्ण करारावर नाही. जवळचा स्ट्राइक निफ्टीच्या साधारण निम्म्याने हलतो, त्यामुळे मेणबत्तींच्या ०.८५ ला निफ्टीचे पावणेदोन पॉइंट पुरतात. लहान सौदेवाले फ्युचर सोडून ऑप्शनमध्ये का आले, त्याचं मोठं कारण हे.

म्हणून प्रीमियमही जपून निवडावा. ब्रोकरेज बाजूला ठेवलं तर बाकीचे कर मिळून प्रीमियमच्या ०.१९ टक्क्यांच्या आसपास. १२० वर सव्वाबावीस पैसे, ४०० च्या खोल स्ट्राइकवर पाऊण रुपया. खोल स्ट्राइक जास्त हलतो हे खरं, पण तिथे गाळोही रुंद असतो. उलट २० रुपयांचा लांबचा स्ट्राइक करात स्वस्त, पण निफ्टी दहा हलला तरी तो जेमतेम रुपया हलतो, आणि एका लॉटवाल्याला ब्रोकरेज तेवढंच. मधलाच बरा.

आता गाळो आणि वेग.

मेणबत्ती, तुमच्या डेप्थमध्ये समजा असं दिसतंय:

खरेदीदार ११९.९५
विक्रेता १२०.१०

तुम्ही मार्केटने घेतलं, १२०.१० ला. त्याच क्षणी विकलं तर ११९.९५. भाव हललाच नाही आणि १५ पैसे गेले. हा पहिला नाका. दुसरा असा की तुमच्या बोटापासून एक्स्चेंजपर्यंत ऑर्डर जाते तेवढ्यात तो १२०.१० वाला विक्रेता उरलेला नसतो. फोन, मोबाइल नेटवर्क, ब्रोकरचा सर्व्हर, त्याची मार्जिन तपासणी, मग एक्स्चेंज. आणि तुमच्या ॲपवरचा भाव मुळात प्रत्येक बदल दाखवत नाही, मधूनमधून ताजा होतो. म्हणजे तुम्ही शिळा भाव बघून ऑर्डर टाकता आणि ती पोचेपर्यंत तो आणखी शिळा होतो. समोर बीकेसीत एक्स्चेंजच्याच इमारतीत ज्यांचे सर्व्हर ठेवलेत त्यांना प्रत्येक टिक मिळतो, आणि त्यांचा हिशेब सेकंदाच्या लाखाव्या भागात चालतो. सेबीच्याच अभ्यासात आलंय की २०२३-२४ मध्ये या बाजारातल्या मोठ्या खेळाडूंच्या नफ्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त नफा अल्गोंचा होता.

तुमचा दुसरा नाका किती रुंद आहे ते मी इथून सांगू शकत नाही. तो मोजावा लागतो. लॅपटॉपवर स्क्रीन रेकॉर्डिंग लावा. वीस सौदे करा. संध्याकाळी रेकॉर्डिंग सावकाश चालवून बटण दाबलं त्या क्षणी समोरचा भाव काय दिसत होता ते लिहा, ट्रेडबुकात प्रत्यक्ष कितीला लागलं ते शेजारी लिहा. वजाबाकी करा. शेवटचा झालेला सौदा धरू नका, समोरच्या बाजूचा भाव धरा. नाहीतर गाळो आणि उशीर एकात मिसळतील.

---

लिमिटवाला | ८:४८

म्हणूनच म्हणतो, लिमिट लावा. ११९.९५ ला खरेदी लावून बसलं की पहिला नाकाही नाही आणि दुसराही नाही.

---

फोर्टचा_जॉबर | ९:३०

भाऊ, हेच आम्ही पोट भरायला करायचो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

११९.९५ ला तुमच्या आधी समजा सहा हजार नग रांगेत आहेत. आधी भाव, मग वेळ, हा एक्स्चेंजचा नियम. तुमचे ७५ सगळ्यांच्या मागे. आता दोनच गोष्टी होऊ शकतात. पहिली, भाव वर निघाला. ११९.९५ ला कुणी विकायलाच येत नाही, रांग तशीच राहते, तुमची खरेदी होत नाही. तुम्हाला जो सौदा हवा होता, तो तुमच्याशिवाय गेला. दुसरी, कुणीतरी मोठा विकायला आला, सहा हजारांची रांग खाल्ली, शेवटी तुमचे ७५ ही घेतले, आणि मग भाव ११९.५० वर. तुमची खरेदी झाली, पण ती झाली म्हणजेच भाव तुमच्या विरुद्ध निघालाय.

लिमिटला गाळो वाचतो, ते खरं. पण जे सौदे लागतात ते निवडक वाईट असतात, आणि जे चांगले ते लागत नाहीत. तुमच्या नोंदवहीत न लागलेले सौदे कधी येतच नाहीत, म्हणून नोंदवही छान दिसते. रिंगमध्ये आणि नंतर टर्मिनलवरही जॉबर दोन्ही बाजूंना भाव लावायचा, पण भाव सरकतोय असं वाटलं की त्याचं बोट आधी ऑर्डर मागे घ्यायला जायचं. त्या शर्यतीत तुमची ऑर्डर मागे घेण्याची विनंती बीकेसीपर्यंत पोचेतो माल तुमच्या गळ्यात पडलेला असतो.

---

लिमिटवाला | ९:४१

पूर्ण पटलं नाही. मी वर्षभर फायद्यात आहे.

---

फोर्टचा_जॉबर | ९:४४

असाल. मी तुमचं खातं पाहिलेलं नाही. किती वेळ धरता?

---

लिमिटवाला | ९:५०

दहा-पंधरा मिनिटं. टार्गेट आठ-दहा पॉइंट.

---

खमंग_थालीपीठ | ९:५२

म्हणजे तुम्ही स्काल्पिंग करतच नाही! 😄

---

कोथरूडचा_संत्या | १०:३५

स्टॉपलॉसचं कुणीच बोललं नाही. माझा किस्सा ऐका. स्काल्पिंगमध्ये स्टॉप जवळ हवा म्हणून मी चार पॉइंटांचा लावायचो. ऑप्शनमध्ये स्टॉपलॉस-मार्केट ऑर्डर २०२१ च्या सप्टेंबरपासून एक्स्चेंजने बंद केलीय, फक्त स्टॉपलॉस-लिमिट चालते. मी ट्रिगर ११६, लिमिट ११५.५० ठेवलं. बातमी आली, भाव ११६.१० वरून थेट ११४.८०. ट्रिगर लागला, ऑर्डर ११५.५० ला जाऊन टांगली. मला वाटलं निघालो. चहा घेऊन आलो तर भाव ९७ आणि ऑर्डर तिथेच लटकलेली.

तेव्हापासून ट्रिगर आणि लिमिटमध्ये चांगले तीन-चार रुपये अंतर ठेवतो. पण मग चारचा स्टॉप सातचा होतो.

---

फोर्टचा_जॉबर | १०:५०

संत्या, अंतर ठेवलं म्हणजे तळाच्याच भावाला विकलं जाईल असं नाही. त्या क्षणी समोर जो चांगला खरेदीदार असेल त्याच्याच भावाला जाईल. लिमिट फक्त सांगते की याखाली नको. पण अडचण तुम्ही बरोबर पकडलीत. मेणबत्तींचे ते सात-आठ पॉइंटांचे फटके इथूनच आले असणार.

---

हिरवी_मेणबत्ती | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

जॉबरकाका, शुक्रवारी रेकॉर्डिंग लावून वीस सौदे केले. रविवार सकाळ त्यातच गेली, बायको म्हणते क्रिकेटची थर्ड अंपायरगिरी चाललीय.

बटण दाबताना गाळो सरासरी १५ पैसे दिसला. सकाळी सव्वानऊ ते साडेनऊ तो ४०-५० पैसेही होता, अकरानंतर पाच-दहावर आला. घेताना दिसलेल्या भावापेक्षा सरासरी ११ पैसे महाग मिळालं, विकताना ९ पैसे स्वस्त गेलं. गंमत म्हणजे भाव शांत असताना फरक जवळजवळ शून्य, आणि मेणबत्ती पळायला लागल्यावर मी घाईने घेतलं तिथे एकदा ८० पैसे.

म्हणजे स्प्रेड ०.१५, उशीर ०.२०, खर्च ०.८५. एकूण १.२० पॉइंट.

---

गणिताच्या_बाई | १२:५०

उत्तम काम. आता उलट जाऊ या. बुधवारची तुमची सरासरी ०.४५ होती, आणि ती पहिल्या दोन नाक्यांनंतरची. शुक्रवारचे नाके बुधवारलाही लागू धरले तर त्यात ०.३५ मिळवा. ०.८० पॉइंट. म्हणजे तुमचा अंदाज सौद्यामागे ०.८० चा होता, तोही खरा मानला तर. टोल १.२०.

आणि वेळ कमी केल्याने टोल कमी होत नाही, हे लक्षात घ्या. भावाची हालचाल मात्र कमी होते, साधारण वेळेच्या वर्गमूळाने. एका मिनिटात ऑप्शन सरासरी तीन पॉइंट हलत असेल तर पंधरा सेकंदांत दीड. वेळ पावपट केली, हालचाल निम्मी झाली, टोल १.२० तसाच. पंधरा सेकंदांच्या दीड पॉइंटातला तो सव्वापंधरा आणे भाग झाला, एका मिनिटाच्या तीन पॉइंटांत निम्म्याहून कमी.

---

खमंग_थालीपीठ | १:०५

बाई, दीडमधले १.२० म्हणजे बारा आणे पाच पैसे! गणिताच्या बाईंचा हिशेब चुकला, दिवस लिहून ठेवा.

---

गणिताच्या_बाई | १:१२

ऐंशी टक्के. पावणेतेरा आणे. तू म्हणतेस तेच बरोबर, मी आण्यांत बोलायलाच नको होतं.

---

लिमिटवाला | १:३०

मग शून्य ब्रोकरेजवाला ब्रोकर घेतला तर? ४० आणि त्यावरचा जीएसटी गेला की ४७ रुपये २० पैसे वाचले. ०.८५ चा २२ पैशांवर येतो. एकूण टोल ०.५७. आणि त्याचा अंदाज ०.८०. झाला की फायदा!

---

फोर्टचा_जॉबर | २:१५

हिशेब बरोबर. फक्त दोन गोष्टी बघायच्या. शून्य ब्रोकरेजची योजना बहुतेक वेळा महिन्याच्या ठरावीक फीवर किंवा ठरावीक काळापुरती असते, ती फी सौद्यांवर वाटून पाहावी. आणि त्या ब्रोकरकडे तेच वीस सौद्यांचं रेकॉर्डिंग पुन्हा करावं. ब्रोकरेज शून्य आणि उशीर ०.२० च्या जागी ०.७० निघाला तर वाचवलेलं सगळं दुसऱ्या नाक्यावर दिलं, आणि ते कुठल्याही नोटेवर छापून येणार नाही.

अजून एक, ब्रोकरेज ऑर्डरवर लागतं, तुकड्यांवर नाही. एक ऑर्डर तीन तुकड्यांत भरली तरी २० च. पण तुम्ही घाबरून निम्मा माल आधी आणि निम्मा नंतर विकलात तर ४०. मेणबत्ती एका लॉटवर आहेत, त्यांना ती चैन नाहीच.

---

सांगलीची_हळद | ४:४०

मी जुन्या ब्रोकरला फोन केला, ५० चे ३० करतो म्हणाला. करू का ऑप्शन?

---

खमंग_थालीपीठ | ४:४३

हळददादा, वरचा धागा पुन्हा वाचा, चहा घेऊन.

---

हिरवी_मेणबत्ती | ७ डिसेंबर, रात्री १०:२०

तीन आठवड्यांनी. ब्रोकर बदलला नाही. सौदे ३४ वरून रोजी चारवर आणले. सकाळी पहिली पंधरा मिनिटं हात बांधून बसतो. पॉइंट-दीड सोडून पाच-सहा पॉइंटांसाठी थांबतो, कधी दहा मिनिटंही. घेताना लिमिट, निघताना समोरच्या भावाला.

६० सौदे झाले. ढोबळ सरासरी १.३ पॉइंट, खर्च काढून ०.४५. साधारण दोन हजार रुपये. बाई, प्रमाण विचलन आता ६ आहे, म्हणजे ६० सौद्यांवर डळमळ ०.७७. हे मी स्वतः काढलं.

---

गणिताच्या_बाई | १०:३१

बरोबर काढलंत. म्हणजे अजून काही सांगता येत नाही.

---

फोर्टचा_जॉबर | १०:४५

घेताना लिमिट म्हणालात. न लागलेल्या किती?

---

हिरवी_मेणबत्ती | १०:४८

त्या लिहिल्या नाहीत काका. वीस-पंचवीस असतील.

---

फोर्टचा_जॉबर | १०:५२

ऑर्डरबुकात रद्द म्हणून पडल्या असतील, पण ॲपवर फक्त त्या दिवसापुरत्या दिसतात. उद्यापासून रोज साडेतीनला उतरवून घ्या, आणि लागल्या असत्या तर दहा मिनिटांनी भाव कुठे होता तेही शेजारी.